कोपराच्या खळगीतून रक्त घेताना: कोणती शीर, कोणत्या क्रमाने आणि का

टुर्निकेट बांधला, हात फुगला आणि आतल्या बाजूला एक जाड शीर टरारून वर आली. नवखा हात लगेच तिच्याकडेच वळतो, कारण ती दिसते. नेमकी चूक इथेच होते. कोपराच्या आतल्या बाजूची ठळक शीर ही बहुतेक वेळा बॅसिलिक असते, आणि खळगीत तिच्याइतकी धोक्याची शेजारीण दुसरी नाही. कोणती शीर घ्यायची हे ती किती ठळक दिसते यावर ठरवायचे नसते. ते तिच्याखाली आणि शेजारी काय आहे यावर ठरते. म्हणून सुई हातात घेण्याआधी खळगीची रचना बोटांनी ओळखायला शिकणे हा या कामाचा पहिला भाग आहे. डीएमएलटी, नर्सिंग आणि इंटर्नशिपच्या विद्यार्थ्यांनी तो टाळू नये.

१. आधी आपल्याच हातावर खळगी ओळखा

तळवा वर करून कोपर थोडे वाकवा. कोपराच्या दोन्ही बाजूंची हाडाची टोके, म्हणजे एपिकॉन्डाइल, जोडणारी एक रेषा मनात काढा. ती खळगीची वरची सीमा. अंगठ्याच्या बाजूने ब्रेकिओरेडिआलिस हा स्नायू आणि करंगळीच्या बाजूने प्रोनेटर टेरिस हा स्नायू खाली येत येत एकमेकांना भेटतात. ते भेटतात तिथे खळगीचे टोक असते. अशा उलट्या त्रिकोणाच्या तळाशी ब्रेकिआलिस आणि सुपिनेटर हे स्नायू असतात.

आता बायसेप्स ताणा. खळगीच्या मधोमध दोरीसारखा घट्ट कंडरा बोटाला लागेल. हाच आपला खांब. त्याच्या आतल्या कडेला, म्हणजे करंगळीच्या बाजूला, दोन बोटे ठेवून हळूच दाबा. ब्रेकिअल धमनीची नाडी लागते. रक्तदाब मोजताना स्टेथोस्कोप ठेवतात ती हीच जागा. धमनीच्या आणखी आत मीडिअन नर्व्ह. बाहेरून आत जाताना क्रम असा: कंडरा, धमनी, नर्व्ह. ही ब्रेकिअल धमनी खळगीच्या खालच्या भागात, रेडिअसच्या मानेच्या पातळीला, रेडिअल आणि अल्नर अशा दोन शाखांत विभागते.

रेडिअल नर्व्ह खळगीच्या बाहेरच्या कडेला, ब्रेकिओरेडिआलिसच्या आड खोल दडलेली असते, त्यामुळे साध्या रक्तसंकलनात तिच्याशी सहसा गाठ पडत नाही. आणि कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या आणणारी अल्नर नर्व्ह खळगीत नसतेच. ती आतल्या एपिकॉन्डाइलच्या मागून जाते. परीक्षेत हे हमखास चुकते.

तपासा: टुर्निकेट न बांधता नाडीची जागा सापडली का? न सापडल्यास पुढे जाऊ नका. कोपर थोडे अधिक वाकवा, बोट किंचित आत सरकवा, पुन्हा शोधा.

२. वरचा थर आणि खालचा थर वेगळे करा

इतकी धमनी, इतकी नर्व्ह एकाच जागी असूनही रक्त तिथूनच का घेतात, याचे उत्तर एका पट्ट्यात आहे. बायसेप्सच्या कंडऱ्यापासून तंतूंचा एक सपाट पट्टा आतल्या बाजूला पसरत जातो. त्याला बायसिपिटल ॲपोन्युरोसिस म्हणतात. ब्रेकिअल धमनी आणि मीडिअन नर्व्ह या पट्ट्याखाली राहतात. मीडिअन क्यूबिटल शीर पट्ट्याच्या वर, फक्त त्वचा आणि थोड्या चरबीच्या आड असते. म्हणजे शीर आणि धमनी यांच्यात एक नैसर्गिक पडदा आहे. तो चिलखत मात्र नव्हे. उभी सुई जोराने घुसवली तर ती पट्टाही भेदते.

दुसरे कारण स्थिरतेचे आहे. खळगीत एक छेदक शीर वरच्या शिरांना आतल्या खोल शिरांशी जोडते. ती छताचा थर भेदून आत उतरते, त्यामुळे मीडिअन क्यूबिटल शीर तिथे खिळून राहते. सुईच्या टोकापुढे ती सरकत नाही. मनगटाच्या किंवा हाताच्या पाठीवरच्या शिरा सटकतात, कारण त्यांना असा आधार नाही आणि सभोवती सैल ऊती असते. शिवाय या शिरेचा व्यास चांगला असतो आणि त्वचा पातळ असते.

आता तिन्ही शिरा मांडा. अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी सेफॅलिक. करंगळीच्या बाजूने वर जाणारी बॅसिलिक. दोघींना तिरपी जोडणारी मीडिअन क्यूबिटल, जी खालच्या बाहेरच्या बाजूकडून वरच्या आतल्या बाजूकडे जाते. काही हातांत अशी एक तिरपी शीर नसते. अग्रबाहूच्या मधली शीर वर येऊन दोन फांद्यांत फुटते, एक बाहेर सेफॅलिककडे, दुसरी आत बॅसिलिककडे. अशा हातात बाहेरची फांदी घ्या. आतली फांदी जाड दिसली तरी ती नेमकी धमनीवरून जाते.

सावधान: काही मोजक्या लोकांत एखादी धमनी, विशेषतः अल्नर, खोल न जाता पट्ट्याच्या वरून त्वचेखालीच धावते. डोळ्यांना ती शिरेसारखीच दिसते. म्हणून निवडलेल्या जागेवर नाडी लागते का हे टुर्निकेट बांधण्याआधीच पाहायचे. नंतर ते नीट कळत नाही.

३. निवडीचा क्रम

क्रम ठरलेला आहे आणि तो बदलू नये: आधी मधली, मग बाहेरची, शेवटी आतली. आणि हे दोन्ही हातांवर पाहायचे. उजव्या हातावर मधली सापडली नाही तर लगेच उजव्याच हाताची आतली शीर धरू नका. आधी डावा हात पाहा.

मधली शीर, म्हणजे मीडिअन क्यूबिटल, का पहिली हे वर आलेच. सेफॅलिक दुसरी, कारण तिच्या आसपास मोठी धमनी नाही. मात्र अग्रबाहूच्या बाहेरच्या त्वचेची नर्व्ह कंडऱ्याच्या बाहेरच्या कडेने वर येऊन तिच्याजवळून जाते, त्यामुळे तीही पूर्ण निर्धोक नाही. लठ्ठ व्यक्तीत बऱ्याचदा सेफॅलिकच बोटाला लागते. बॅसिलिक शेवटी, कारण तिच्याशेजारी अग्रबाहूच्या आतल्या त्वचेची नर्व्ह असते, ब्रेकिअल धमनी फार दूर नसते, आणि आधार कमी असल्याने ती सटकतेही. तरीही ती सर्वांत फुगलेली दिसते, म्हणूनच तिच्यावर सर्वाधिक अपघात होतात.

रुग्णाच्या हाताचा इतिहास विचारा. ज्या बाजूला स्तनाची शस्त्रक्रिया होऊन काखेतल्या गाठी काढल्या आहेत ती बाजू नको. डायलिसिसचा फिस्टुला असलेला हात नको. सलाइन चालू असलेल्या हाताच्या वरच्या भागातून रक्त घेतल्यास नमुना पातळ होतो. दुसरा हात मुळीच शक्य नसेल तर डॉक्टरांना विचारून सलाइन किमान 2 मिनिटे बंद ठेवा आणि सलाइनच्या जागेच्या खालून घ्या. भाजलेली, सुजलेली, जखमेची किंवा जुन्या टोचण्याने निळी पडलेली जागा वगळा.

४. मांडणी, टुर्निकेट आणि घड्याळ

सामान आधी मांडून ठेवा: 21 गेजची सुई, लहान शिरांसाठी 23 गेजचा बटरफ्लाय, ट्यूब क्रमाने, 70 टक्के अल्कोहोलचा स्वॅब, कोरडा कापूस किंवा गॉज, हातमोजे, सुईसाठी नीडल कटर किंवा न भोसकणारा डबा. रुग्णाकडून नाव आणि वय विचारा. 'तुमचं नाव अमुक ना?' असे विचारले तर घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

रुग्ण बसलेला किंवा आडवा असावा. हात कोपरातून सरळ, तळवा वर, कोपराखाली गुंडाळलेला टॉवेल किंवा आधार. हात सरळ म्हणजे ताठ ताणलेला नव्हे. फार ताणला तर शीर चपटी होते.

टुर्निकेट सुईच्या जागेपासून 7.5 ते 10 सेंटीमीटर वर, म्हणजे साधारण चार बोटे. फार खाली बांधल्यास शीर कोसळते. फार घट्ट बांधल्यास धमनीचा प्रवाहही थांबतो. मनगटाची नाडी लागली पाहिजे.

आता घड्याळ. टुर्निकेट 1 मिनिटापेक्षा जास्त राहता कामा नये. शिरांत साचलेल्या रक्तातले पाणी बाहेर झिरपते आणि प्रथिने, पेशी, कोलेस्टेरॉल, प्रथिनांना चिकटलेले कॅल्शियम घट्ट होते. शीर शोधण्यात मिनिट संपला तर टुर्निकेट सोडा, 2 मिनिटे थांबा, पुन्हा बांधा.

सावधान: 'मूठ आवळा-सोडा, आवळा-सोडा' असे सांगू नका. मूठ हलकी बंद ठेवणे चालते. पण स्नायू वारंवार आकुंचन पावल्याने पोटॅशियम पेशींतून बाहेर येते, आणि अहवालात पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते.

५. बोटाने शोधा, डोळ्यांनी नव्हे

तर्जनीने शोधा, अंगठ्याने नाही, कारण अंगठ्यात स्वतःची नाडी लागते. मधून सुरुवात करा. शीर रबरासारखी लवचीक असते, दाबली की दबते, सोडली की लगेच भरते. टुर्निकेट सोडल्यावर ती मावळते. कंडरा दाबला जात नाही आणि टुर्निकेट सोडल्यावरही तसाच राहतो. धमनी धडधडते. या तीन फरकांवर विश्वास ठेवा, रंगावर नाही. त्वचेवरून निळी दिसणारी रेषा अनेकदा बारीक वरवरची शीर असते, आणि रक्त देणारी चांगली शीर न दिसता फक्त हाताला लागते.

शीर सापडली की तिची दिशाही बोटाने चाचपा. मीडिअन क्यूबिटल तिरपी असते. सुई हाताच्या सरळ रेषेत घातली तर ती शिरेला आडवी छेदते. सुईचा मार्ग शिरेच्या मार्गाशी जुळला पाहिजे.

शीर लागत नसेल तर हात काही मिनिटे खाली सोडा, किंवा गरम टॉवेलने शेकून घ्या. शिरेवर चापट्या मारू नका. पेशी फुटतात.

६. सुई आत, आणि चुकते ते इथे

स्वॅबने 30 सेकंद पुसा आणि वाळू द्या. ओल्या अल्कोहोलवर सुई घातल्यास चुरचुरते आणि रक्तपेशी फुटतात. पुसल्यानंतर ती जागा बोटाने पुन्हा चाचपू नका. चाचपायचीच असेल तर परत पुसा.

अंगठ्याने सुईच्या जागेपासून 3 ते 5 सेंटीमीटर खाली त्वचा ताणा, म्हणजे शीर पक्की होते. वर बोट ठेवून दोन्हीकडून ताणायची सवय असेल तर सोडा. सुई दुसऱ्या बाजूने निघून त्या बोटात शिरू शकते. सुईचे तिरपे तोंड वर, कोन 30 अंशांपेक्षा कमी, सुरुवात शिरेच्या थोडी खालून. आत गेल्यावर हलका 'टच' जाणवतो आणि रक्त दिसते. तिथेच थांबा. पुढे ढकलत राहिल्यास मागची भिंत भेदली जाते आणि रक्त ऊतीत झिरपू लागते. बॅसिलिकपाशी हेच घडले तर सुई धमनीच्या दिशेने जाते.

रक्त येत नाही? सुई किंचित पुढे किंवा किंचित मागे करून पाहा. ट्यूबचा व्हॅक्यूम संपला असेल तर दुसरी ट्यूब लावून पाहा. पण सुई आत ठेवून डावीकडे-उजवीकडे शोधणे पूर्णपणे वर्ज्य. नर्व्हची इजा बहुतेकदा याच शोधाशोधीत होते. एका व्यक्तीने दोनपेक्षा जास्त वेळा टोचू नये. दुसऱ्याला बोलवा.

लगेच सुई काढा, अशी तीन लक्षणे:

- बोटांपर्यंत जाणारी विजेसारखी कळ किंवा झिणझिण्या. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाकडे गेली तर मीडिअन नर्व्हचा संशय. फक्त अग्रबाहूच्या बाहेरच्या किंवा आतल्या त्वचेपुरती असेल तर त्या त्या बाजूची त्वचेची नर्व्ह.
- तेजस्वी लाल रक्त, नाडीच्या ठोक्याबरोबर उसळणारे. ही धमनी. सुई काढा, किमान 5 मिनिटे घट्ट दाबून ठेवा, डॉक्टरांना सांगा, नमुन्यावर 'धमनीतून' असे लिहा.
- सुईभोवती भराभर वाढणारी सूज. टुर्निकेट सोडा, मग सुई काढा, मग दाबा. क्रम उलटल्यास सूज आणखी वाढते.

७. ट्यूबचा क्रम आणि एक उदाहरण

समजा 58 वर्षांच्या मधुमेही बाई आल्या आहेत. डाव्या बाजूच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली आहे, हात जाड आहेत, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. मागणी: पीटी-आयएनआर, क्रिएटिनिन आणि इलेक्ट्रोलाइट्स, सीबीसी, एचबीए१सी, उपाशीपोटी साखर. डावा हात वगळला. उजव्या हातावर काहीच दिसत नाही, पण आतल्या बाजूला एक निळसर रेघ आहे. तिकडे जायचे नाही. टुर्निकेट न बांधता नाडी पाहिली, ती कंडऱ्याच्या आतल्या कडेला लागली. टुर्निकेट बांधून मधोमध चाचपले, तर चरबीखाली एक लवचीक शीर लागते. तिची दिशा तिरपी, म्हणजे मीडिअन क्यूबिटल. मिनिट संपत आला म्हणून टुर्निकेट सोडून 2 मिनिटांनी पुन्हा बांधला, आणि 23 गेजच्या बटरफ्लायने घेतले.

क्रम असा. बटरफ्लायच्या नळीतली हवा पहिल्या ट्यूबमध्ये जाते, म्हणून आधी एक टाकायची ट्यूब. मग निळी, मग पिवळी किंवा लाल, मग जांभळी, शेवटी राखाडी. टाकायची ट्यूब का? निळ्या ट्यूबमध्ये रक्त आणि सायट्रेट यांचे प्रमाण 9:1 असते. 2.7 मिलिलिटर रक्तासाठी 0.3 मिलिलिटर सायट्रेट. हवेमुळे ट्यूब अपुरी भरली तर सायट्रेट जास्त होते, आणि आयएनआर खोटा वाढलेला येतो. या बाईंच्या गोळीचा डोस त्यावर ठरणार आहे. जांभळी आधी घेऊन तिच्यातले ईडीटीए पिवळ्या ट्यूबमध्ये गेले तर पोटॅशियम वाढते आणि कॅल्शियम घसरते. अहवालात एकत्र ही जोडी दिसली की आधी ट्यूबचा क्रम तपासावा. एचबीए१सी आणि सीबीसी एकाच जांभळ्या ट्यूबमधून होतात, वेगळी भरू नका.

ट्यूब हलकेच उलटसुलट करा, जोराने हलवू नका: निळी 3 ते 4 वेळा, क्लॉट ॲक्टिव्हेटर असलेली 5 वेळा, जांभळी आणि राखाडी 8 ते 10 वेळा. सिरिंजने रक्त घेतले असेल तर सुईतून जोराने ढकलू नका. ट्रान्सफर डिव्हाइस वापरा, व्हॅक्यूमला स्वतः ओढू द्या. पेशी फुटल्यास पोटॅशियम पुन्हा खोटे वाढते.

८. सुई काढताना आणि नंतर

पहिल्या ट्यूबमध्ये रक्त नीट येऊ लागले की टुर्निकेट सोडा. कसेही करून सुई काढण्याआधी तो सुटलेला हवा. कोरडा कापूस ठेवा, सुई काढा, मग दाबा. सुई आत असताना वरून दाबले तर दुखते आणि शीर चिरते.

कोपर मुडपून ठेवायला सांगणे ही आपल्याकडची जुनी सवय. हात दुमडला की त्वचेतले छिद्र आणि शिरेतले छिद्र यांची जागा बदलते, दाब शिरेवर पडत नाही, आणि हात सरळ होताच खालून रक्त झिरपून निळे पडते. हात सरळ, थोडा वर, आणि दाब थेट शिरेच्या जागी. साधारण 2 ते 3 मिनिटे, आणि रक्त पातळ करणारी गोळी असेल तर 5 मिनिटे किंवा रक्त थांबेपर्यंत. चोळायचे नाही. पट्टी लावण्याआधी कापूस उचलून रक्त थांबल्याचे पाहा.

सुईला टोपण परत लावू नका. कटरमधून पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात जाते. सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत, रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. लेबल रुग्णासमोरच लावा.

रुग्णाला सांगून पाठवा: त्या हाताने काही तास जड वजन उचलू नका. सूज वाढत गेली, बोटे सुन्न पडली किंवा झिणझिण्या दुसऱ्या दिवशीही राहिल्या तर 'बरे होईल' म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तुमच्या नोंदवहीत टोचलेला हात, शीर आणि किती वेळा टोचले हे लिहा. तक्रार आली तर कोणती नर्व्ह दुखावली असेल याचा अंदाज याच नोंदीवरून बांधता येतो.